पोस्टाचं खोटं होतं

आमच्याकडं कुणी 'नाही' म्हणत नाही. बेळगावात काय, निपाणीत काय, मराठीत काय, कन्नडात काय, माणूस 'बघूया की' म्हणतो आणि मोकळा होतो. ऑफिसातला कानडी साहेब 'नोडोण री' म्हणतो, कापड दुकानदार उधारीच्या गिऱ्हाइकाला 'बघूया' म्हणतो, मुलगी पसंत नसली तरी पाहुणे 'बघूया, कळवतो' म्हणून चहा पिऊन उठतात. ऐकणाऱ्याला यातलं 'नाही' आपोआप कळतं, असं म्हणतात. कुणाला कळतं? ज्याचं काही अडलेलं नाही त्याला कळतं. ज्याची नड असते त्याला 'बघूया' म्हणजे 'हो'च वाटतं, आणि तो घरी जाऊन पुढच्या तयारीला लागतो. हा शब्द ऐकला की माझ्या मस्तकात तिडीक जाते. अशीच एकदा गेली, ती गोष्ट सांगते.

मी वडगावात ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. नवरा मच्छेला कारखान्यात. आमच्या गल्लीतल्या बायकांची भिशी आहे. दर महिन्याला प्रत्येकीनं ठरलेली रक्कम आणायची आणि जिचा नंबर असेल तिनं सगळी उचलून न्यायची. ज्यांची नड असते त्या पहिले नंबर मागून घेतात. ते एका अर्थी बिनव्याजी कर्जच असतं, पुढं महिने महिने फेडत बसायचं. शेवटचा नंबर कुणालाच नको असतो, तो मी घेतला होता. माझ्या दृष्टीनं ती बचत होती. घराच्या पुढच्या खोलीत गिऱ्हाईक, मशीन, पाहुणे आणि नवऱ्याची चप्पल सगळं एकत्र नांदत होतं. मला मेन रोडवर एक लहान गाळा भाड्यानं घ्यायचा होता, त्याचं डिपॉझिट मी या भिशीतून भरणार होते. हे नवऱ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

शेवटच्या नंबराची एक अडचण असते. कुणाचा नंबर आहे, किती पैसे आले, कुठल्या दिवशी आले, हे अख्ख्या गल्लीला पाठ असतं. वर जिची भिशी निघते तिनं बाकीच्यांना खायला घालायची आमची रीत. म्हणजे पैसे तर आले, आणि आले म्हणून आपणच मसालेभात, भजी आणि कुंदा वाटून दवंडी पिटायची. अशा बाईनं 'माझ्याकडं पैसे नाहीत गं' म्हटलं तर भजी खाल्लेल्या बायका तोंडावर हसतील.

त्या दिवशी सगळ्या गेल्यावर माझी मैत्रीण भांडी आवरायला मागं थांबली. ही माझी शाळेपासूनची मैत्रीण. दोघी अनगोळच्या, एका बाकावर बसलेल्या. दोघींची लग्नंही वडगावातच झाली, तीही एकाच गल्लीत. या गल्लीत सगळ्या मला आक्का म्हणतात, 'अगं'नं हाक मारणारी ही एकटीच. माझ्या बाळंतपणात सासूबाई आजारी होत्या, तेव्हा महिनाभर हिनं माझ्या घरचा डबा केला होता. हे सगळं आधीच सांगते, म्हणजे ती कुणी लुबाडणारी बाई होती असं कुणाला वाटायला नको.

ताट पुसता पुसता ती म्हणाली, "अगं, माझं एक काम हाय तुझ्याकडं. पोरगा टेम्पो घ्यायचा म्हणतोय. निपाणीत एकाकडं जुना हाय, चांगला हाय. तू भिशीतलं एक लाख दे. दिवाळीपर्यंत फेडतो."

मला राग आला. मागितले याचा राग नव्हता, मागणं हा गुन्हा नाही. राग या गोष्टीचा आला की तिला माझं उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखं तिनं विचारलं. 'दे' म्हणाली, 'देशील का' म्हणाली नाही. पण राग आला म्हणून आवाज चढवायचा नसतो. चढवला की भांडण आवाजाचं होतं आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. मी नळ बंद केला, तिच्याकडं तोंड करून उभी राहिले आणि म्हणाले, "न्हाय गं. मी पैसे उसने देणार न्हाय."

ती हसली. खरंच हसली. "चेष्टा करू नकोस!"

"चेष्टा न्हाय करत. देणार न्हाय."

"आत्ता न्हाय म्हणतीस व्हय? मग पुढच्या महिन्यात?"

"पुढच्या महिन्यातबी न्हाय. तू त्या हिशोबानं ठरवू नको म्हणून आत्ताच सांगते."

तिनं ताट रॅकमध्ये ठेवलं. कुंद्याचा उरलेला डबा मी तिच्या हातात दिला, तिनं घेतला. दारातून जाताना म्हणाली, "तू दमलीयास. उद्या बोलू." आमच्या मुलखात सरळ सांगितलेलं 'नाही' इतकं दुर्मिळ आहे, की ते ऐकलं तरी माणसाला वाटतं समोरच्याची तब्येत बरी नसावी.

मला वाटलं होतं विषय संपला. पण आमच्या घरात अजून एक माणूस राहतो.

दोन-तीन दिवसांनी मी माल आणायला गावात गेले असताना ती घरी आली. माझ्या नवऱ्याला ती दाजी म्हणते. दाजी कामावरून नुकताच आलेला, चहा पीत बसलेला. तिनं त्याला विचारलं. हा माणूस आयुष्यात कुणाला 'नाही' म्हणालेला नाही. दारावर आलेल्या विक्रेत्याकडून यानं एकदा तीन झाडू घेतलेत. त्यानं उचलली जीभ आणि लावली टाळ्याला: "बघूया की. ते पैसे पोस्टात टाकायचं चाललंय. बघू, महिनाभर थांबा."

मी आल्यावर त्यानं मोठ्या मुत्सद्द्यासारखं मला हे सांगितलं. "वाईट वाटू दिलं न्हाय बघ. कसं गोडीत मिटवलं!"

"काय मिटवलं?"

"न्हायच म्हटलं की मी. पण तोंडावर कसं म्हणायचं? बाईमाणूस दारात आलं हुतं."

मी हातातली पिशवी आपटली. लेस आणि हुकांची पाकिटं फरशीवर पसरली. "मी न्हाय म्हटलेलं तुम्ही बघूया केलं! पोस्टात टाकायचं कधी ठरलं? कुणी ठरवलं? आणि महिनाभर थांबा म्हणजे काय, महिन्यानं देणार हाय काय आपण?"

"अगं, महिन्यात ती विसरंल."

"तुम्ही विसरत न्हाय पगाराची तारीख, ती विसरंल व्हय लाखाची?"

त्यानं खाली वाकून हुकांची दोन पाकिटं उचलली. मग जणू तोडगा सापडला अशा आवाजात म्हणाला, "मग निम्मे देऊन टाकू. तिचंबी राहील, आपलंबी राहील."

निम्मे! निम्म्यात तिचा टेम्पो येत नव्हता आणि निम्म्यात माझा गाळा होत नव्हता. दोघींच्या चुली विझवून याला समाधान पाहिजे होतं. त्या दिवशी मी त्याला जेवायला वाढलं, पण बोलले नाही. त्याला वाटलं मी मैत्रिणीवर चिडलेय. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, आमच्या घरात कायमच असं चालतं.

मी त्याच दिवशी जाऊन तिला सांगायला हवं होतं. लग्नसराईचे ब्लाउज अंगावर होते, म्हटलं सवडीनं जाऊ. तेवढ्यात तीच आली. यावेळी पुढच्या खोलीत, मशीनसमोरच्या स्टुलावर बसली. चेहरा उजळलेला होता.

"हे बघ, पोस्टात टाकू नकोस," ती म्हणाली. "पोस्ट किती व्याज देणार तुला? त्याच्यापेक्षा जास्त मी देते. लिहून देते पाहिजे तर. आणि आधीच टाकलं असशील तर त्याच्यावर कर्ज मिळतंय, मी चौकशी केली. आणि एक सांगते, रागावू नको. पोरानं निपाणीच्या माणसाला इसार दिला. धा हजार. दाजी महिनाभर थांबा म्हणालते, म्हणून त्यानं महिन्याचा वायदा केलाय."

बघा म्हणजे झालं. नवऱ्यानं एक खोटी भिंत उभी केली होती, आणि हिनं शहाण्यासारखं तिला दोन दारं पाडून आणली होती. दोष हिचा नव्हता. अडचण सांगितली की माणूस अडचणीवर उपाय शोधतो. पोस्टाऐवजी सोनं म्हटलं असतं तर सोन्यावर उपाय आणला असता. सासऱ्याचं ऑपरेशन म्हटलं असतं तर ही फळं घेऊन दवाखान्यात आली असती. आणि त्या एका थापेपायी तिच्या घरातले दहा हजार निपाणीला जाऊन बसले होते. मला असा संताप आला की पायाखालचं पेडल दाबलं गेलं आणि सुई रिकामीच धावली.

मी मशीन बंद केलं. खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"पोस्टाचं खोटं होतं," मी म्हणाले.

"काय?"

"पोस्टात काय टाकायचं न्हाय. दाजीला तुला न्हाय म्हणवलं न्हाय, म्हणून ते तसं बोलले. चूक झाली आमची. पोराचा इसार त्यामुळं अडकला, त्याचं मला लई वाईट वाटतंय. पण पैसे मी देणार न्हाय. पहिल्या दिवशी सांगितलं तेच."

माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली. गाळ्याचं सांगू, मुलीच्या फीचं सांगू, दिवस वाईट आहेत म्हणू, पुढच्या भिशीत पहिला नंबर तुला देऊ म्हणू. एक जरी सोडलं असतं तरी तिनं ते हातात घेऊन तोललं असतं, आणि मग माझा गाळा मोठा का तिचा टेम्पो मोठा यावर आम्ही दिवस मावळेपर्यंत घासाघीस केली असती. मी ओठ मिटून बसले. कुणाला गप्प बसणं सोपं वाटत असेल तर त्यानं एकदा शाळेपासूनच्या मैत्रिणीसमोर बसून बघावं.

"मग कशाला पाहिजेत पैसे तुला?" तिनं विचारलं. "कारण तरी सांग."

"कारण हाय. सांगणार न्हाय."

"माझ्यावर विश्वास न्हाय."

"तसं मी म्हटलं न्हाय. पैसे देणार न्हाय एवढंच म्हटलं."

"तुझ्या बाळंतपणात महिनाभर डबा केला मी." ती म्हणाली. "कधी काय मागितलं?"

"व्हय. केलास. मरेपर्यंत विसरणार न्हाय," मी म्हणाले. "तरीबी पैसे देणार न्हाय."

तिनं डबा काढायला नको होता. डब्याची किंमत लाख रुपये असती तर मी तेव्हाच उपाशी राहिले असते. पण हे मी बोलले नाही, आणि बोलले नाही याचं मला आजही बरं वाटतं. रागात असलं तरी काय बोलायचं नाही ते कळायला पाहिजे.

ती उठली तेव्हा मी म्हणाले, "इसार परत मागायला निपाणीला येते मी तुझ्यासंगं. तू म्हणशील त्या दिवशी. मशीन बंद ठेवून येते."

"काय गरज न्हाय," म्हणाली आणि गेली.

मग गल्लीनं तोंडं उघडली. पैसा आला आणि बाई बदलली. शेवटचा नंबर उगाच घेत न्हायत लोक, आतल्या गाठीच्या बायका घेतात. भजी तरी तेलकट होती. ज्यांनी एकमेकींना सुईसुद्धा उसनी दिली नसती त्या बायका माझा मोठेपणा मोजायला बसल्या. मी कुणाला काही सांगितलं नाही. तिनं माझ्याकडं किती मागितले, कशाला मागितले, हे माझ्या तोंडून बाहेर गेलं असतं तर ती चोरी झाली असती. नळावर ती दिसली की मी रोजच्यासारखं "झालं काय पाणी?" विचारायची. ती कळशी उचलून चालू लागायची. दुसऱ्या दिवशी मी परत विचारायची. दात ओठ खात विचारायची, पण विचारायची. मी 'नाही' पैशाला म्हटलं होतं, तिला म्हटलं नव्हतं, आणि हे आता मलाच वागून दाखवणं भाग होतं.

मधल्या काळात मी गाळ्याचं डिपॉझिट भरलं. गल्लीला दुपारपर्यंत कळलं. तिनं कुणाकडून तरी निरोप पाठवला: गाळाच घ्यायचा होता तर सांगायचं की, मी समजून घेतलं असतं. नवरा लगेच म्हणाला, "बघ, मी म्हणत हुतो." तो काय म्हणत होता ते त्याचं त्याला ठाऊक. तिनं समजून घेतलं असतं हे खरं आहे. समजून घेऊन म्हणाली असती, गाळा काय पळून जातोय का, दिवाळीनंतर घे.

कायमची पाठ फिरवून ती राहील असं मला वाटायला लागलं होतं. नवऱ्यावर, गल्लीवर, तिच्या पोरावर, निपाणीच्या त्या न पाहिलेल्या माणसावर, सगळ्यांवर मी मनातल्या मनात ओरडत होते. आणि एका सकाळी ती गाळ्याच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. "वायदा संपला. तो इसार देत न्हाय म्हणतोय. येतीस का?"

मी शटर ओढलं.

बसमध्ये दोघी शेजारी बसलो. संकेश्वर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. हायवेला लागून त्या माणसाचं आवार होतं, जुन्या गाड्या ओळीनं उभ्या. माणूस खुर्चीत बसलेला, बोलायला मऊ. "वायदा तुम्ही मोडला. इसार बुडतो, ही रीत हाय बाई," म्हणाला. रीत खरी होती, ते मलाही माहीत होतं. मी विचारलं, "गाडी कुठं हाय?" त्यानं बोट दाखवलं. टेम्पोवर नवा पिवळा पट्टा मारलेला आणि काचेवर दुसऱ्याच कुणाच्या देवाचं नाव आलं होतं. म्हणजे आमचा वायदा संपायच्या आधीच त्यानं दुसऱ्याशी बोलणं केलं होतं. एवढे दिवस साठवलेला सगळा राग मला बाहेर काढायला जागा मिळाली. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आवारातले मेकॅनिक पाने हातात धरून उभे राहिले. शेवटी त्यानं दहातले सात हजार मोजून दिले आणि "तीन माझ्या वायद्याचे" म्हणाला. मी तीनासाठीही तोंड उघडणार होते, पण मैत्रिणीनं माझा हात धरला. "चल. बास झालं."

येताना ती थोडं बोलली. उकाड्याचं, बसच्या सीटचं. बेळगावला उतरून आम्ही रिक्षा केली. रिक्षा अनगोळच्या दिशेनं वळायला लागली तशी ती पुढं झुकून म्हणाली, "इकडून नको रं भावा. लांबच्या रस्त्यानं घे."

"कशाला?" मी म्हणाले. "सरळ रस्ता सोडून? तुझं माहेर लागतंय की वाटेत."

"म्हणूनच."

भावजयीशी पटत नाही म्हणून ती माहेरी जात नाही, असं तिनं मला सांगितलं होतं. मी ते खरं धरून त्या भावजयीला कितीतरी शिव्या घातल्या होत्या. आता ती पदरानं घाम पुसत म्हणाली, "भावजय चांगली हाय गं. भावाकडनं पैसे घेतलते. घरावर पत्रे घातले तवा. तो कधी मागत न्हाय. पण मलाच जाववत न्हाय. आई गेली तवाबी मागच्या ओळीत उभी राहून आले."

"आणि हे मला आत्ता सांगतीस?" मी ओरडलेच. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "एवढं अंगावर असून परत माझ्याकडं मागायला आलतीस? माझंबी दार बंद करून घ्यायचं हुतं काय तुला?"

रिक्षा लांबच्या रस्त्यानं निघाली. मला तिचा राग आला, तिच्या न मागणाऱ्या भावाचा आला, आणि सगळ्यात जास्त याचा आला की हाकेच्या अंतरावरचं घर चुकवत ही बाई इतकी वर्षं रोज बाजाराला वळसा घालून जाते आणि शेजारी राहून मला पत्ता नाही.

गल्लीच्या तोंडाशी आम्ही उतरलो. रिक्षाचे पैसे निम्मे निम्मे दिले. तिचं घर आधी लागतं. ती स्वतःच्या घरापाशी थांबली नाही, सरळ चालत माझ्या दारात आली, मी कुलूप काढलं तशी माझ्या आधी आत शिरली, स्वयंपाकघरात जाऊन पाट ओढून बसली आणि म्हणाली, "चहा टाक. आलं घाल जरा."